एकच ग्रेड, दोन हीट, दोन वेगळे गाभे: जॉमिनी वक्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्टिफिकेटवर केमिस्ट्री ग्रेडमध्ये बसते, पृष्ठभागाचा हार्डनेसही बरोबर येतो. मग शाफ्टचा गाभा मऊ का निघतो?

कारण ग्रेडची मर्यादा बरीच ऐसपैस असते. एआयएसआय 4140 घेऊ. त्यात कार्बन 0.38 ते 0.43, मँगनीज 0.75 ते 1.00, क्रोमियम 0.80 ते 1.10 आणि मॉलिब्डेनम 0.15 ते 0.25 टक्के चालतं. एखाद्या हीटमध्ये हे सगळे घटक खालच्या टोकाला गेले आणि दुसरीत वरच्या, तरी दोन्ही हीट कागदावर 4140 च असतात. पृष्ठभाग तेलात इतक्या वेगाने थंड होतो की तिथे हा फरक दिसतच नाही. आत मात्र वेग मंदावतो आणि तिथे घटकांचा कस लागतो.

या पानावर शेवटपर्यंत हेच एक उदाहरण धरलं आहे: 50 मिमी व्यासाचा 4140 चा शाफ्ट, तेलात क्वेंच केलेला, आणि टेंपरिंगआधी गाभ्यात किमान 48 एचआरसी हवा अशी ड्रॉइंगवर अट.

हार्डनेस आणि हार्डनेबिलिटी यात नेमका फरक काय?

क्वेंच केलेल्या स्टीलचा जास्तीत जास्त हार्डनेस जवळजवळ सगळा कार्बनवर ठरतो. 0.40 टक्के कार्बनचं स्टील पूर्ण मार्टेन्साइट झालं तर 56–57 एचआरसीच्या आसपास जातं. मग ते साधं 1040 असो, 4140 असो की निकेलवालं 4340. क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम घालून ती कमाल मर्यादा वर जात नाही.

हार्डनेबिलिटी म्हणजे तो हार्डनेस किती खोलवर मिळतो ते. थंड होण्याचा वेग किती कमी झाला तरी स्टील मार्टेन्साइट बनवू शकतं, हा खरा प्रश्न आहे. म्हणून "हार्डनेस कमी येतोय, जास्त मिश्रधातूचं स्टील घ्या" हा सल्ला सरसकट देऊ नये. पृष्ठभागच कमी येत असेल तर आधी कार्बन, डीकार्ब आणि भट्टीचं तापमान तपासा. पृष्ठभाग ठीक आणि गाभा कमी असेल, तरच घटकांकडे वळा.

एंड-क्वेंच टेस्ट कशी करतात?

1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात वॉल्टर जॉमिनी आणि बोगेहोल्ड यांनी ही पद्धत बसवली, म्हणून जॉमिनी टेस्ट. आज ती एएसटीएम ए255 आणि आयएसओ 642 नुसार होते. नमुना अगदी साधा असतो: 25 मिमी व्यास, 100 मिमी लांबी, वरच्या टोकाला अडकवायला कॉलर. आधी तो नॉर्मलाइज करतात, म्हणजे बारच्या मागच्या इतिहासाचा परिणाम निघून जातो. मग ऑस्टेनाइट तापमानाला (4140 साठी साधारण 845 अंश सेल्सिअस) पोचल्यावर अर्धा तास धरतात. तापताना खालचा चेहरा डीकार्ब होऊ नये किंवा त्यावर स्केल धरू नये म्हणून नमुना ग्राफाइट किंवा बिडाच्या किसावर उभा ठेवतात.

भट्टीतून काढून 5 सेकंदांच्या आत तो फिक्स्चरमध्ये टांगायचा. खाली 12.5 मिमीचा नोझल, आणि नोझल ते नमुन्याचा चेहरा हे अंतरही 12.5 मिमी. नमुना नसताना पाण्याची धार मोकळी सुमारे 65 मिमी उंच जायला हवी. ती उंची आधी जुळवून ठेवायची, मगच गरम नमुना आणायचा. पाणी फक्त खालच्या चेहऱ्यावर आदळून छत्रीसारखं बाजूला पसरतं, अंगाला लागत नाही. किमान 10 मिनिटं धार चालू ठेवतात.

थंड झाल्यावर लांबीच्या दिशेने, एकमेकांच्या समोर, दोन सपाट पट्टे ग्राइंड करतात, सुमारे 0.4 मिमी खोल. त्या पट्ट्यांवर क्वेंच केलेल्या टोकापासून ठराविक अंतरांवर रॉकवेल सी वाचनं घेतात. आयएसओ पद्धतीत 1.5, 3, 5, 7, 9, 11, 13, 15 मिमी आणि पुढे दर 5 मिमीवर. अमेरिकी पद्धतीत अंतर इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात, म्हणून जुन्या आलेखांवर J4, J8, J12 असं दिसतं. J12 म्हणजे 12/16 इंच, साधारण 19 मिमी.

एका छोट्या तुकड्यावरून मोठ्या शाफ्टबद्दल कसं सांगता येतं?

या टेस्टचं सगळं मर्म इथे आहे. नमुना फक्त एका टोकातून थंड होतो, त्यामुळे टोकापासूनचं प्रत्येक अंतर म्हणजे थंड होण्याचा एक ठरलेला वेग. 700 अंशांच्या आसपास मोजला तर 1.5 मिमीवर हा वेग सेकंदाला सुमारे 270 अंश असतो, 6 मिमीवर 70, 12.5 मिमीवर 18, 25 मिमीवर साडेपाच आणि 50 मिमीवर जेमतेम 2. कार्बन आणि कमी मिश्रधातूच्या स्टील्सची उष्णतावाहकता एकमेकींच्या इतकी जवळ असते की हे आकडे ग्रेडप्रमाणे फारसे बदलत नाहीत.

स्टीलला आपण नमुन्यात आहोत की शाफ्टमध्ये हे कळत नाही, त्याला फक्त वेग कळतो. शाफ्टच्या गाभ्याचा वेग नमुन्यावरच्या ज्या अंतराच्या वेगाशी जुळतो, त्या अंतरावरचा हार्डनेस हाच गाभ्याचा अपेक्षित हार्डनेस. 50 मिमी गोल बार मंद ढवळलेल्या तेलात टाकला तर त्याचा गाभा ढोबळमानाने J12 शी, म्हणजे 19 मिमीशी जुळतो. तोच बार पाण्यात टाकला तर जुळणारं अंतर 12 मिमीच्या आसपास येतं. तेल किती गरम आहे, किती ढवळलं जातं, बास्केटमध्ये जॉब किती दाटीने लावलेत यावर हे आकडे हलतात, त्यामुळे आपल्या टाकीसाठी ते एकदा स्वतः तपासून घ्यावेत.

वक्र वाचताना आधी काय बघायचं?

तीन गोष्टी, आणि याच क्रमाने. डावीकडचं पहिलं वाचन कार्बन सांगतं. 0.40 टक्के कार्बनच्या स्टीलला 1.5 मिमीवर 50 च्या खाली वाचन आलं तर पुढचा वक्र वाचायच्या भानगडीत पडू नका, आधी टेस्टमध्येच काही चुकलंय का बघा. एक अपवाद म्हणजे अतिशय कमी हार्डनेबिलिटीचं स्टील.

दुसरी गोष्ट म्हणजे वक्र कुठे वळतो. सपाट भाग संपून उतार सर्वात तीव्र होतो, त्या जागी रचना साधारण अर्धी मार्टेन्साइट असते. 0.40 टक्के कार्बनसाठी अर्ध्या मार्टेन्साइटचा हार्डनेस 44 एचआरसीच्या आसपास. 1040 ला ही जागा टोकापासून काही मिलिमीटरांवरच येते. 4340 ला 50 मिमीपर्यंत गेलं तरी सहसा येत नाही, त्याचा वक्र जवळजवळ आडवाच राहतो.

तिसरी गोष्ट शेपूट. याकडे बहुतेक जण बघत नाहीत. साध्या कार्बन स्टीलची शेपूट फेराइट आणि पर्लाइटची, विशीच्या घरात. क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलची शेपूट बेनाइटची, म्हणून 4140 चा वक्र खूप उतरला तरी तिशीच्या खाली सहसा जात नाही. वक्र कुठे वळतो आणि वळून कुठे थांबतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घटक दोन्हींवर परिणाम करतात.

घटक वक्र उजवीकडे कसा सरकवतात?

पर्लाइट बनायला कार्बनला जागा बदलावी लागते आणि त्यासाठी वेळ लागतो. मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल यांचे अणू लोखंडाच्या अणूंच्या जागी बसलेले असतात आणि कार्बनच्या तुलनेत अत्यंत संथ हलतात. मँगनीज आणि निकेल ऑस्टेनाइटला स्थिर करतात, त्यामुळे त्याची मोडण्याची ओढच कमी होते. क्रोमियम आणि मॉलिब्डेनमला कार्बनचं आकर्षण असतं. कार्बाइड बनताना त्यांचीही वाटणी व्हावी लागते आणि ती लवकर होत नाही. परिणाम एकच: पर्लाइट सुरू व्हायला जास्त सेकंद लागतात, आणि त्या वाढलेल्या वेळात मंद वेगाने थंड होणारा भागही मार्टेन्साइटच्या तापमानापर्यंत न मोडता पोचतो. वक्राची वळणाची जागा उजवीकडे जाते ती यामुळे.

मॉलिब्डेनम पर्लाइटला जितकं अडवतं तितकं बेनाइटला अडवत नाही. 4140 ची शेपूट बेनाइटची असते त्यामागे हे मोठं कारण आहे.

वजनाच्या टक्क्यामागे निकेलचा परिणाम तसा सौम्य असतो. 4340 मधलं 1.8 टक्के निकेल हार्डनेबिलिटी साधारण 1.65 पट करतं, तर तेवढाच परिणाम मॉलिब्डेनम 0.22 टक्क्यात देतं. निकेल घालण्यामागे चिवटपणाचा हिशोब जास्त असतो. नेहमीच्या घटकांत उलटा वागणारा एकच, कोबाल्ट: तो हार्डनेबिलिटी कमी करतो.

हे आकड्यांत मांडता येतं का?

येतं, आणि इथेच दोन हीटमधला फरक उघडा पडतो. ग्रॉसमनच्या पद्धतीत आदर्श व्यास काढतात: कल्पनेतल्या सर्वात तीव्र क्वेंचमध्ये ज्या व्यासाच्या बारचा गाभा अर्धा मार्टेन्साइट होईल तो व्यास. कार्बन आणि ग्रेन साइझवरून एक मूळ आकडा मिळतो आणि प्रत्येक घटकाचा गुणक त्याला गुणायचा. एएसटीएम ए255 मधले, ग्रेन साइझ 7 धरून, मिमीत मांडलेले गुणक असे:

```
DI = 25.4 × fC × fMn × fSi × fNi × fCr × fMo
fC  = 0.54 C                        (C ≤ 0.39)
fC  = 0.171 + 0.001 C + 0.265 C²    (0.39 < C ≤ 0.55)
fMn = 1 + 3.333 Mn                  (Mn ≤ 1.20)
fSi = 1 + 0.70 Si
fNi = 1 + 0.363 Ni
fCr = 1 + 2.16 Cr
fMo = 1 + 3.00 Mo
```

हीट अ मध्ये कार्बन 0.39, मँगनीज 0.77, सिलिकॉन 0.20, क्रोमियम 0.85, मॉलिब्डेनम 0.16 असं धरू. कार्बनमुळे मूळ आकडा 5.35 मिमी. मँगनीजचा गुणक 3.57, सिलिकॉनचा 1.14, क्रोमियमचा 2.84, मॉलिब्डेनमचा 1.48. गुणाकार येतो सुमारे 91 मिमी.

हीट ब मध्ये कार्बन 0.42, मँगनीज 0.95, सिलिकॉन 0.28, क्रोमियम 1.05, मॉलिब्डेनम 0.22. मूळ आकडा 5.54 मिमी, गुणक क्रमाने 4.17, 1.20, 3.27 आणि 1.66. उत्तर सुमारे 150 मिमी.

एकेक घटक बघितला तर फरक किरकोळ वाटतो: मँगनीज 0.18 ने जास्त, मॉलिब्डेनम 0.06 ने. पण गुणकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चार छोटे फरक एकाच दिशेने गेले की आदर्श व्यास दीडपटीहून जास्त वाढतो. म्हणूनच मला एकेका घटकाची मर्यादा घट्ट करण्यापेक्षा जॉमिनीची अट घालणं जास्त पटतं. मँगनीज थोडं कमी पडलं तरी स्टीलवाला ते क्रोमियममधून भरून काढू शकतो, आणि आपल्याला हवा तो गाभा मिळतो.

मग त्या 50 मिमी शाफ्टचं काय होईल?

4140 च्या एच-बँडमध्ये, म्हणजे हार्डनेबिलिटीची हमी असलेल्या 4140एच च्या पट्ट्यात, J12 ला साधारण 39 ते 55 एचआरसी एवढी मोकळीक असते. हीट अ या पट्ट्याच्या खालच्या भागात, चाळिशीच्या सुरुवातीला पडेल; हीट ब 53 च्या आसपास. गाभ्याला 48 हवा. ब पास, अ नापास. दोन्ही शाफ्टचे पृष्ठभाग मात्र पन्नाशीत असतील आणि फक्त बाहेरून तपासणाऱ्याला काहीच फरक कळणार नाही.

त्याहून फसवी गोष्ट टेंपरिंगनंतर घडते. 600 अंशांच्या आसपास टेंपर केल्यावर दोन्ही गाभ्यांचा हार्डनेस एकमेकांच्या बराच जवळ येतो, कारण मार्टेन्साइट भराभर मऊ होतं आणि बेनाइट फारसं होत नाही. हार्डनेस जवळपास सारखा असला तरी अर्धवट कठीण झालेल्या गाभ्याची यील्ड ताकद आणि आघात सोसायची क्षमता कमीच असते. हे पकडायचं असेल तर टेंपरिंगआधी एक जॉब कापून छेदावर कडेपासून मध्यापर्यंत हार्डनेस घ्या. तो खर्च नको असेल तर निदान हीटचा जॉमिनी वक्र मागवा.

हीट अ आली आहेच, परत करता येत नाही, अशा वेळी तेल जास्त ढवळून किंवा जलद तेल वापरून गाभ्याचं जुळणारं अंतर J12 वरून J9–J10 कडे आणता येतं. पाण्यात टाकायचा मोह होतो, पण 0.40 टक्के कार्बनच्या मिश्रधातू स्टीलला पाणी म्हणजे तडे जाण्याचा खरा धोका, विशेषतः की-वे आणि खांद्यांपाशी. ते मी सुचवणार नाही.

ग्रेन मोठे केले तर हार्डनेबिलिटी वाढते असं ऐकलं. तापमान वाढवून काम होईल का?

वाढते हे खरं. पर्लाइट ग्रेनच्या सीमांवर सुरू होतो, ग्रेन मोठे झाले की सीमा कमी होतात. पण त्याची किंमत चिवटपणात आणि तडे जाण्यात मोजावी लागते. तो मार्ग वापरू नये. उलट, टेस्टचा वक्र अपेक्षेपेक्षा चांगला आला तर भट्टी जास्त तापली नव्हती ना, हे आधी बघावं.

इतकंसं बोरॉन एवढं काम कसं करतं?

0.0005 ते 0.003 टक्के बोरॉन पुरतं, कारण ते सगळ्या स्टीलमध्ये पसरून काम करत नाही. ते ऑस्टेनाइटच्या ग्रेन सीमांवर जाऊन बसतं आणि तिथे फेराइटला सुरुवातच करू देत नाही. पण त्यासाठी ते मोकळं असावं लागतं. स्टीलमधला नायट्रोजन बोरॉनला पकडतो, म्हणून आधी टायटॅनियम घालून नायट्रोजन बांधावा लागतो. सर्टिफिकेटवर बोरॉन दिसतंय आणि वक्र मात्र बोरॉन नसल्यासारखा, असं झालं तर टायटॅनियम आणि नायट्रोजनचे आकडे बघा. बोरॉनचा फायदा कमी कार्बनला जास्त आणि कार्बन वाढेल तसा कमी होतो. जास्त घातलं तर सीमांवर बोरोकार्बाइड बनून उलट नुकसान होतं.

हिशोबाने आलेला आकडा आणि प्रत्यक्ष वक्र जुळत नसेल तर?

हिशोब असं धरतो की सगळे घटक ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेले आहेत. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम किंवा व्हॅनेडियम काहीच मदत करत नाही, शिवाय सोबत कार्बनही अडकवून ठेवतं. सल्फर जास्त असलेल्या स्टीलमध्ये मँगनीजचा काही भाग सल्फाइडमध्ये जातो. दोन्हींमुळे प्रत्यक्ष वक्र हिशोबाच्या डावीकडे येतो.

पण आधी टेस्टवरच शंका घ्या. सर्वात जास्त सापडणारा दोष ग्राइंडिंगचा. दाबून ग्राइंड केलं की पट्टा तापतो, मार्टेन्साइट टेंपर होतं आणि वाचनं 3–4 अंकांनी खाली येतात. वक्राच्या सपाट भागात मध्येच खड्डा दिसला की याचा संशय घ्यावा. पट्ट्यावर सौम्य नायट्रिक आम्लाने एचिंग केलं तर जळालेला भाग गडद पट्ट्यासारखा उठून दिसतो. मग भरपूर कूलंट घेऊन, हलक्या कटने, पट्टा आणखी खोल घ्यायचा.

दुसरा दोष धार मध्यभागी न लागण्याचा. याची खूण म्हणजे समोरासमोरच्या दोन पट्ट्यांचे वक्र एकमेकांपासून दूर जाणं. एकाच अंतरावर 4 अंकांपेक्षा जास्त फरक आला तर 90 अंश फिरवून नवे पट्टे काढून पुन्हा मोजावं. तिथेही फरक राहिला तर फिक्स्चर तपासा. वाचनं मात्र एकाच पट्ट्यावर वर-खाली उड्या मारत असतील तर दोष बहुधा स्टीलमधल्या सेग्रिगेशनचा, टेस्टचा नाही.

ही टेस्ट कुठे चालत नाही?

दोन टोकांना. हवेतच कठीण होणाऱ्या टूल स्टीलचा वक्र पूर्ण आडवा येतो आणि त्यातून काही कळत नाही. अतिशय उथळ कठीण होणाऱ्या साध्या कार्बन स्टीलचा सगळा उतार पहिल्या 3–5 मिमीत संपतो, तिथे नेहमीच्या अंतरांवरची वाचनं फार विरळ पडतात. स्टेनलेससारख्या जास्त मिश्रधातूच्या स्टीलची उष्णतावाहकता वेगळी असल्याने अंतर आणि वेग यांचं नेहमीचं कोष्टक तिथे लावू नये.

खरेदीच्या ऑर्डरमध्ये काय लिहावं?

फक्त "4140" लिहू नका. "4140एच" लिहिलं तर किमान वक्र एच-बँडमध्ये बसल्याची हमी मिळते, पण वर बघितलंच की J12 ला तो पट्टा 16 अंकांचा आहे. या शाफ्टसाठी मी एक बिंदू ठरवून लिहीन, मिमीच्या पद्धतीत असा: `J48/55-20`, म्हणजे टोकापासून 20 मिमीवर 48 ते 55 एचआरसी. 19 मिमी हे आयएसओच्या नेहमीच्या अंतरांत येत नाही, म्हणून पुढचा 20 चा बिंदू धरला. वरची मर्यादाही लिहायची, कारण हीट फार वरच्या टोकाला गेली तर तेलातही तडे आणि वाकणं वाढतं. सोबत प्रत्येक हीटचा मोजलेला वक्र मागावा. हिशोबाने काढलेला वक्र चालणार असेल तर तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर बऱ्याचदा तोच येतो आणि सर्टिफिकेटवर तो मोजलेल्या वक्रासारखाच दिसतो.